३२ चा गोल की ४० बाय २० ची पट्टी? वजन सारखं, पण पिळाचं गणित वेगळं

"गोल बार मिळत नाहीये साहेब, पट्टी पडून आहे. वजन तेवढंच भरतं. लावू का?" साकीनाका, कुर्ला, वसई, कुठल्याही वर्कशॉपमध्ये हा प्रश्न कधी ना कधी येतो. विचारणारा चुकीचं काही बोलत नसतो, वजन खरोखरच तेवढंच भरतं. ३२ मिमीचा गोल बार मीटरला ६.३१ किलो आणि ४० बाय २० ची पट्टी ६.२८ किलो. एकाचं क्षेत्रफळ ८०४ चौरस मिमी, दुसऱ्याचं ८००. मुंबईच्या दारूखाना लोखंड बाजारात काट्यावर ठेवले तर दोघांची किंमतही जवळपास एकच होईल.

शिवाय पट्टीचा दुसरा अनुभव चांगला असतो. ती उभी ठेवून तिच्यावर भार टाकला, तर वाकण्याला ती गोल बारपेक्षा दीडपटीहून जास्त ताकद दाखवते. त्यामुळे पिळालाही ती भारीच असेल असा समज सहज होतो. पण पिळाचा हिशेब अगदी वेगळा आहे. नेहमीचं सूत्र जसंच्या तसं पट्टीला लावलं तर ते नेमकं उलटं उत्तर देतं. म्हणून इथे याच दोन बारांचं गणित शेवटपर्यंत करून बघू, आणि मग साध्या साधनांनी ते कसं तपासायचं तेही.

उदाहरण कोणतं

हाताने चालवायचा एक छोटा प्रेस डोळ्यांसमोर आणा. आडव्या शाफ्टच्या एका टोकाला एक मीटरचं हँडल, दुसऱ्या टोकाला माल दाबणारा कॅम. हँडल आणि कॅम यांच्यात ६०० मिमी अंतर. दोन्ही टोकांना बेअरिंग आहेत, त्यामुळे वाकणं नगण्य, बाकी सगळा पीळ. माणूस हँडलच्या टोकाला साधारण २५ किलोचा, म्हणजे २५० न्यूटनचा जोर लावतो. टॉर्क झाला २५० न्यूटन-मीटर, म्हणजेच २,५०,००० न्यूटन-मिमी. साधं माइल्ड स्टील धरू, त्याचा शिअर मॉड्युलस ८०,००० एमपीए.

मर्यादा किती धरायची? आपल्याकडे मशीन डिझाइनच्या पुस्तकांत साध्या शाफ्टिंगसाठी वर्षानुवर्षं दोन आकडे चालत आले आहेत. कीवे नसेल तर ५६ एमपीए शिअर स्ट्रेस, कीवे असेल तर ४२. आपणही तेच घेऊ.

पायरी १: गोल शाफ्ट

इथे काही अडचण नाही.

```
J = π d⁴ / 32 = 102944 mm⁴
τ = 16 T / (π d³) = 250000 / 6434 = 38.9 MPa
θ = T L / (G J) = 0.0182 rad ≈ 1.04°
```

३८.९ हा आकडा कीवेसाठीच्या ४२ च्याही आत बसतो. हँडल एक मीटरचं असल्यामुळे रेडियनला हजारने गुणलं की टोक किती सरकेल ते मिळतं: १८ मिमी. कॅम जाम धरून हँडल ओढलं तर टोक एवढं 'स्प्रिंग' होणार. हा आकडा लक्षात ठेवा, कारण हँडल धरणाऱ्याला स्ट्रेस कळत नाही, ही ढिलाई कळते.

पायरी २: पट्टीला तेच सूत्र लावलं तर

बहुतेक जण इथे पोलर मोमेंट ऑफ इनर्शिया काढतात. गोल शाफ्टमध्ये J म्हणजे पोलर मोमेंटच असतो, त्यामुळे हात आपोआप तिकडे जातो.

```
Ip = a b (a² + b²) / 12 = 133333 mm⁴
r  = केंद्रापासून कोपरा = 22.36 mm
τ  = T r / Ip = 41.9 MPa      (चूक)
θ  = T L / (G Ip) = 0.0141 rad (चूक)
```

हे आकडे बघा. स्ट्रेस ४१.९, म्हणजे ५६ च्या बराच खाली, पास. पीळ गोलपेक्षाही कमी, हँडलचं टोक फक्त १४ मिमी सरकणार. कागदावर पट्टी गोल बारपेक्षा ताठ ठरली आणि सर्वांत जास्त स्ट्रेस कोपऱ्यावर आला. यातलं एकही विधान खरं नाही. चूक फसवी आहे, कारण उत्तर वेडंवाकडं येत नाही, विश्वास बसेल असं येतं.

कुलाँने १७८४ मध्ये तारांच्या पिळाचे नियम मांडले. तारा गोल होत्या, त्यामुळे नियम बरोबर बसले. पुढे नावियेने तीच कल्पना इतर आकारांना लावली आणि ती चुकली. १८५३ मध्ये सेंट-व्हेनाँने फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे आपला प्रबंध मांडला आणि चौकोनी बारचं खरं उत्तर मिळालं. नावियेसारखा माणूस जिथे घसरला तिथे आपण घसरलो तर लाजायचं कारण नाही, पण शाफ्ट मात्र बदलावा लागतो.

चूक नेमकी कुठे होते

गोल शाफ्ट पिळला की त्याचा प्रत्येक आडवा छेद सपाटच राहतो, फक्त आपल्या जागी फिरतो. सगळ्या दिशा सारख्या असल्यामुळे एखादा भाग पुढे यावा आणि दुसरा मागे जावा याला कारणच नाही. T r / J हे सूत्र याच गोष्टीवर उभं आहे. चौकोनी छेद मात्र सपाट राहत नाही. ४० बाय २० च्या पट्टीत त्याचे चार भाग पडतात. समोरासमोरचे दोन चतुर्थांश किंचित बाहेर फुगतात, उरलेले दोन आत जातात. याला वॉर्पिंग म्हणतात. हे छेद फुगल्यामुळे पिळाला होणारा विरोध कमी होतो.

कोपऱ्याचं तर स्वतंत्रपणे, एका ओळीच्या तर्काने सिद्ध होतं. समजा, कोपऱ्यावर छेदात शिअर स्ट्रेस आहे. त्याचे दोन घटक करा, एक रुंद बाजूला लंब, दुसरा अरुंद बाजूला लंब. शिअर कधी एकटा नसतो. छेदावर जो घटक आहे तेवढाच त्याला काटकोनातल्या बाहेरच्या पृष्ठभागावरही लागेल. पण बाहेरचा पृष्ठभाग मोकळा आहे, त्याला कोणी घासत नाही, म्हणून तिथे शिअर शून्य. मग दोन्ही घटक शून्य, आणि कोपऱ्यावरचा स्ट्रेसही शून्य. चुकीचं सूत्र ज्या जागी सर्वांत जास्त स्ट्रेस दाखवतं, तीच जागा प्रत्यक्षात पूर्ण निवांत असते.

मग जास्त स्ट्रेस कुठे? हे डोळ्यांसमोर आणायला प्रांट्लने १९०३ मध्ये दिलेली पद्धत आजही सर्वांत सोपी. पत्र्यात बारच्या छेदाच्या आकाराचं भोक पाडा, त्यावर साबणाची पातळ फिल्म ताणा आणि खालून हलकी हवा द्या. फिल्म फुगते. तिचा उतार जिथे जास्त तिथे शिअर स्ट्रेस जास्त, आणि तिच्याखाली जेवढी हवा मावते तेवढा बार पिळाला ताठ. गोल भोकावर घुमट सगळीकडून सारखा उतरतो. ४० बाय २० च्या भोकावर फिल्म जवळच्या दोन कडांकडे, म्हणजे ४० च्या लांब बाजूंच्या मधोमध, सर्वांत तीव्र उतरते. कोपऱ्यात ती दोन्ही बाजूंनी दाबलेली असल्यामुळे जवळपास सपाट राहते. म्हणून सर्वांत जास्त स्ट्रेस रुंद बाजूच्या मध्यावर येतो, जो केंद्राच्या सर्वांत जवळचा पृष्ठभाग आहे. कोपऱ्यातल्या सपाट भागाखाली हवाही फारशी नसते, म्हणजे तिथलं पोलाद आपण किलोच्या भावाने विकत घेतो पण ते पिळाच्या कामी फारसं येत नाही.

पायरी ३: पट्टीचं खरं गणित

a ही मोठी बाजू, b ही छोटी. दोन गुणक लागतात, α स्ट्रेससाठी आणि β ताठपणासाठी. दोन्ही फक्त a/b या गुणोत्तरावर ठरतात.

```
a/b     α       β
1       0.208   0.141
1.5     0.231   0.196
2       0.246   0.229
4       0.282   0.281
8       0.307   0.307

τ = T / (α a b²)
K = β a b³
θ = T L / (G K)
```

आपलं गुणोत्तर २ आहे, म्हणून α ०.२४६ आणि β ०.२२९.

```
α a b² = 0.246 × 40 × 20² = 3936 mm³
τ = 250000 / 3936 = 63.5 MPa
K = 0.229 × 40 × 20³ = 73280 mm⁴
θ = 0.0256 rad ≈ 1.47°
```

b च्या घातांकाकडे नीट बघा. स्ट्रेसच्या सूत्रात जाडीचा वर्ग आहे, ताठपणात घन. रुंदी मात्र दोन्हीकडे साधीच. पट्टी घेताना २० आणि ४० यांची अदलाबदल झाली तर उत्तर कोसळतं, आणि ही सूत्राची चूक नसून घाईची असते. मी कागदावर आधी 'b म्हणजे जाडी' असं लिहूनच पुढे जातो.

आता निकाल. खरा स्ट्रेस ६३.५, मर्यादा ५६, पट्टी नापास. त्याच टॉर्कला गोलपेक्षा ६३ टक्के जास्त स्ट्रेस आणि ४० टक्के जास्त पीळ. हँडलचं टोक १८ ऐवजी जवळपास २६ मिमी सरकणार, आणि चुकीच्या सूत्राने १४ सांगितलं होतं. अरुंद बाजूच्या मध्यावरही स्ट्रेस असतो, कमालच्या सुमारे ८० टक्के, म्हणजे इथे साधारण ५० एमपीए.

इथे कोणी म्हणेल की माइल्ड स्टील ६३ एमपीएला तुटत नाही. बरोबर, पहिल्या दिवशी काही होणार नाही. पण प्रेस अडकला की सत्तर किलोचा माणूस हँडलला लोंबकळतो, हे कोणत्या वर्कशॉपमध्ये घडत नाही? तेव्हा टॉर्क ६८७ न्यूटन-मीटर होतो. गोल बारमध्ये स्ट्रेस १०७ एमपीए, पट्टीत १७५. २५० एमपीए यील्डच्या पोलादाची शिअरमधली हद्द साधारण १४४ धरतात. गोल बार सुटला की सरळ जागेवर येतो. पट्टीत रुंद बाजूच्या मध्यावर पोलाद नमतं आणि थोडा पीळ कायमचा राहतो. चुकीचं सूत्र याच वेळी ११५ दाखवून 'सुरक्षित' म्हणालं असतं.

पट्टी जेवढी चपटी, तेवढी ही दरी मोठी. त्याच ८०० चौरस मिमीची ८० बाय १० ची पट्टी घ्या. पोलर मोमेंटच्या हिशेबाने ती गोल बारच्या चौपट ताठ निघते. प्रत्यक्षात K फक्त २४,५६० येतो, गोलच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. हँडलचं टोक ७६ मिमी सरकेल.

संगणकावर हीच चूक आणखी शांतपणे होते. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधून छेदाचे गुणधर्म काढले की पोलर मोमेंट समोर येतो, आणि फ्रेम ॲनालिसिसमध्ये टॉर्शन कॉन्स्टंटच्या रकान्यात तोच टाकला जातो. पट्टीसाठी त्या रकान्यात K जायला हवा. दिलेला आकडा ओळखायची सोपी खूण अशी: दोन्ही दिशांच्या मोमेंट ऑफ इनर्शियाची बेरीज तंतोतंत तेवढीच येत असेल, तर तो पोलर मोमेंट आहे, टाकू नका.

कीवेचा मुद्दा

पट्टीच्या बाजूने एक खरा युक्तिवाद आहे. हँडलच्या बॉसमध्ये चौकोनी खाच केली की पट्टी थेट बसते, की लागत नाही. गोल बारला १० मिमी रुंद आणि ५ मिमी खोल कीवे पाडावा लागतो, आणि त्याने शाफ्टची ताकद घटते. किती घटते? मूर यांचं जुनं सूत्र वापरू.

```
e = 1 − 0.2 (w/d) − 1.1 (h/d)
  = 1 − 0.2 (10/32) − 1.1 (5/32) = 0.77
```

ताकदीचा पाऊण भाग उरला. कीवे धरून गोल बारचा स्ट्रेस साधारण ५१ एमपीए होतो. तो अजूनही पट्टीच्या ६३.५ पेक्षा बराच कमी आहे. वर घेतलेली ४२ ची मर्यादा ही कपात आधीच धरून ठरवलेली आहे, त्यामुळे दोन्ही एकदम लावू नका. ४२ घेतले तर ३८.९ शी तुलना करा, नाहीतर कीवेसह ५१ काढून ५६ शी.

पायरी ४: टेबलावर तपासणी

सूत्रावर विश्वास ठेवायची गरज नाही. इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये टॉर्शन मशीन असतं, पण त्याशिवायही हे मोजता येतं. लागणारा माल म्हणजे एक पक्का बेंच व्हाइस, एक व्ही-ब्लॉक किंवा बेअरिंग, अर्धा मीटरची लिव्हर, वजनं आणि एक डायल गेज. यातलं काही कमी असेल तर नागदेवी स्ट्रीटवर एका फेरीत मिळतं.

बारचं एक टोक व्हाइसमध्ये घट्ट धरा. मोकळं टोक बेअरिंगवर टेकवा, म्हणजे वजन टांगल्यावर बार खाली वाकणार नाही. हे विसरलं की वाकणंही पिळातच मोजलं जातं. पट्टी असेल तर मोकळ्या टोकाला ती गोल बुशमध्ये बसवून मग बेअरिंगमध्ये ठेवा. लिव्हर त्या टोकाला, व्हाइसपासून ६०० मिमीवर बसवा, आडवी, आणि वजन बरोबर ५०० मिमीवर टांगा.

पीळ लिव्हरच्या टोकावरून मोजू नका. व्हाइसचे जबडे थोडे सरकतात, लिव्हरची खाच थोडी ढिली असते, आणि हे सगळं मोजमापात शिरतं. त्याऐवजी बारवरच दोन काटे क्लँप करा, व्हाइसपासून ५० मिमीवर एक आणि लिव्हरच्या अलीकडे ५० मिमीवर दुसरा. प्रत्येक काटा केंद्रापासून ५०० मिमी लांब. दोन काट्यांच्या टोकांच्या हालचालीतला फरक हाच मधल्या ५०० मिमीतला खरा पीळ. ५० मिमी सोडण्याला दुसरंही कारण आहे. जबड्यात पकडलेला छेद वॉर्प होऊ शकत नाही, त्यामुळे पट्टी तिथे जास्त ताठ वागते, आणि हा परिणाम साधारण पट्टीच्या रुंदीएवढ्या अंतरात विरतो.

आधी ५ किलो टांगा, ढिलाई निघून जाऊ द्या आणि डायल शून्य करा. मग आणखी २० किलो चढवा. वाढलेला टॉर्क ९८ न्यूटन-मीटर. काट्यांच्या टोकांतला फरक गोल बारला सुमारे ३.० मिमी यायला हवा, पट्टीला ४.२ मिमी. चुकीचं सूत्र पट्टीला २.३ सांगतं. २.३ आणि ४.२ मधला फरक साध्या स्टीलच्या पट्टीवरही दिसतो, डायल गेज असेल तर वाद संपतो. वजन उतरवल्यावर काटा शून्यावर परत येतो का ते बघाच. येत नसेल तर क्लँप घसरला आहे किंवा बेअरिंग घासतं आहे, आणि ते वाचन फेकून द्या. गोल बारचंच वाचन ३ मिमीपासून बरंच दूर असेल, तर आधी जोडणी सुधारा, पट्टीकडे नंतर वळा.

स्ट्रेस कुठे आहे ते बघायचं असेल तर जाड रबराची चौकोनी कांडी घ्या, तिच्या चारही बाजूंवर पेनने पाच-पाच मिमीचे चौकोन आखा आणि हाताने पिळा. रुंद बाजूच्या मध्यावरचे चौकोन तिरके होतात, कडेला चिकटलेले जवळजवळ चौकोनच राहतात.

पट्टीच लावायची असेल तर

गोल मिळतच नसेल, तर ३२ च्या गोलची बरोबरी करायला किती मोठी पट्टी लागेल तेही काढू. दोनास एक याच प्रमाणात α a b² ची किंमत ६४३४ व्हायला साधारण ४७ बाय २३.६ ची पट्टी लागते. अशी बाजारात मिळत नाही, पुढचा माप ५० बाय २५. तिच्यात स्ट्रेस ३२.५ एमपीए येतो, पण वजन मीटरला ९.८ किलो होतं, गोलच्या दीडपटीहून जास्त. चौरस बार बरा: ३१.४ मिमी बाजूचा लागतो, म्हणजे ३२ चा चौरस घ्या, वजन मीटरला ८ किलो. तडजोड करायचीच तर मी चौरस घेईन, चपटी पट्टी नाही.

आणि कोणतीही पट्टी लावली तरी हँडल बसवायला सेटस्क्रूचं भोक रुंद बाजूच्या मध्यरेषेवर, हँडल आणि कॅमच्या मधल्या भागात पाडू नका. टर्नर मामांना तिथेच ड्रिल सोपं पडतं, आणि बरोबर तिथेच स्ट्रेस सर्वांत जास्त असतो. भोक हवंच तर हँडलच्या बाहेरच्या बाजूला, जिथपर्यंत टॉर्क पोचतच नाही अशा टोकाला घ्या. आधीच लावलेल्या पट्टीबद्दल शंका असेल, तर तिला चुन्याचा पातळ हात द्या, वाळू द्या आणि काही दिवस काम चालू ठेवा. त्या दिवसांत पोलाद नमलं तर चुना रुंद बाजूच्या मध्यरेषेवर बारीक रेघांनी सुटतो. तडे शोधायला डाय पेनिट्रंट मारलात तर तोही आधी त्याच रेषेवर मारा, कोपऱ्यांवर नाही.